करंगळीचा वेढा आणि पसरत जाणारा मफलर

4 मिमीच्या क्रोशाच्या सुईवर 24 खांबांचा, म्हणजे ओळीत 24 उभ्या टाक्यांचा, मफलर विणायला घेतला. दहाव्या ओळीला रुंदी 15 सेंमी होती, चाळिसाव्या ओळीला ती 16.5 भरली. अशा वेळी आधी खांब मोजावेत, कारण कडेला एखादा खांब चुकून वाढलेला असू शकतो. पण खांब 24च भरले, तर दोष ताणाचा. खांबामागे फरक जेमतेम 0.6 मिमीचा आहे. तो डोळ्यांना दिसत नाही, पट्टीला दिसतो.

हा फरक बहुतेक वेळा करंगळीपाशी सुरू होतो. सातारा-सांगलीकडच्या गोठ्यात जनावराचं दावं खुंट्याला दोन वेढे देऊन धरलं, तर थोड्या जोरातही मोठा हिसका थोपवता येतो. वेढा वाढला की पकड बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढते. करंगळीवरच्या लोकरीचंही तसंच आहे. घर्षणांक 0.3 धरला, तर अर्ध्या वेढ्याने गुंड्याकडचा ताण सुमारे अडीच पट होतो, पूर्ण वेढ्याने साडेसहा पट. म्हणून चहाला उठून परत बसल्यावर वेढा थोडा कमी पडला, तरी पुढच्या ओळी सैल येतात. गुंडा कुठे अडकला, तर ती ओढही तितक्याच पटीने बोटांवर येते. सांगलीच्या एप्रिलातल्या दुपारी बोटं घामेजली की लोकर अडखळते आणि टाके घट्ट होतात. हात पुसून मगच पुढे विणावं.

लोकर करंगळीला एक पूर्ण वेढा देऊन मधल्या दोन बोटांखालून तर्जनीवर आणावी. तर्जनी सुईपासून दोन-तीन सेंमीवर ठेवावी. अंगठा आणि मधल्या बोटाची चिमट सुईच्या अगदी खाली असावी आणि दर दोन-तीन टाक्यांनी ती पुढे सरकवावी. ही सरकवण्याची सवय सर्वांत जास्त राहून जाते. चिमट मागे राहिली की विणकाम सुईबरोबर ओढलं जातं आणि फासा लांबतो. गुंड्यातून हातभर लोकर आधीच सोडून ठेवावी.

सुई पेन्सिलीसारखी धरा किंवा सुरीसारखी, दोन्ही चालतं. मात्र एका कामात पकड बदलू नये. फासा सुईच्या निमुळत्या मानेवर नव्हे, पूर्ण जाडीच्या दांड्यावर बसला पाहिजे. खांबाची उंची ठरते पहिल्या फाश्यावर: सुई टाक्यात घालून लोकर बाहेर काढल्यावर तो किती वर उचलला, त्यावर. रुंदी बरोबर आणि ओळी मात्र उंच-बुटक्या दिसत असतील, तर तिथेच बघावं.

दर दहा ओळींनी काम टेबलावर सपाट पसरून, न ताणता मोजावं. लोंबकळत ठेवून घेतलेलं माप फसवं असतं. ओळ सैल आली म्हणून पुढची मुद्दाम आवळू नये, त्याने पट्टे दिसतात. माप जिथून बदललं तिथपर्यंत उसवावं आणि वेढा पुन्हा घेऊन विणावं.