रीटमधून येतं ते सगळं भाडं नसतं: 'कर्जफेड' या शब्दामागची गोष्ट

नात्यातल्या दोन-तीन जणांचे इन्कम टॅक्सचे कागद दरवर्षी माझ्याकडे येतात. गेल्या काही वर्षांत त्यात एक नवा कागद दिसायला लागलाय, रीटकडून आलेलं वर्षाचं वाटप-पत्रक. आणि प्रश्न दरवेळी तोच, "हे माझ्या खात्यात आलेलं भाडंच ना रे? मग याचे चार तुकडे का केलेत?" प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचं उत्तर द्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

रीट म्हणजे काय ते बहुतेकांना माहीत आहे, मोठ्या ऑफिस पार्कांची किंवा मॉलची मालकी एका ट्रस्टकडे आणि त्या ट्रस्टचे युनिट शेअरसारखे बाजारात. अमेरिकेत हा प्रकार १९६० च्या कायद्याने सुरू झाला. आपल्याकडे नियमांचा पहिला मसुदा २००७ च्या डिसेंबरात आला, मग मंदी आली आणि तो बाजूला पडला. गंमत म्हणजे त्याच सुमारास, २००८ मध्ये, लोअर परळ-एल्फिन्स्टन भागातल्या दोन जुन्या गिरण्यांच्या जागेवर उभ्या राहणाऱ्या ऑफिसांचा ट्रस्ट लिस्ट झाला, पण तो सिंगापूरच्या बाजारात! गिरणगावातली जमीन, भाडं भरणारे इथलेच, आणि परळमध्ये राहणाऱ्या माणसाला मात्र त्याचं एक युनिट घेणं जवळपास अशक्य. बांधकाम अजून चालू असताना तो ट्रस्ट बाजारात आला होता आणि पुढे त्याचा भाव खूप खाली गेला.

आपले नियम आले सप्टेंबर २०१४ मध्ये. त्यात निदान दोन गोष्टी चांगल्या होत्या, ट्रस्टची किमान ८० टक्के मालमत्ता बांधून पूर्ण झालेली आणि भाडं देणारी हवी, आणि वाटता येण्याजोगी जी रोकड येते तिचा किमान ९० टक्के भाग युनिटधारकांना वाटलाच पाहिजे. पण अर्ज करायला किमान २ लाख रुपये आणि नंतर बाजारात घ्यायचं तरी १ लाखाचा लॉट! ज्याला अख्खा फ्लॅट परवडत नाही त्याच्यासाठी ही सोय, असं ज्याचं वर्णन व्हायचं त्याच्या दारातच हा अडसर होता, आणि मला तो तेव्हाही पटला नाही आणि आजही पटत नाही.

अर्थात त्या दाराशी जायला २०१९ पर्यंत रीटच नव्हता. अडचण कराची होती. इमारती थेट ट्रस्टच्या नावावर सहसा नसतात, प्रत्येक पार्कासाठी एक कंपनी असते आणि त्या कंपनीचे शेअर ट्रस्टकडे. कंपनीने ट्रस्टला लाभांश दिला की त्यावर वेगळा वितरण कर, म्हणजे भाड्याचा पैसा गुंतवणूकदाराकडे यायच्या आतच कमी झालेला. २०१६ च्या बजेटमध्ये तो कर अशा कंपन्यांपुरता उठला आणि मग तीन वर्षांनी, एप्रिल २०१९ मध्ये, पहिला रीट ३०० रुपये युनिटने लिस्ट झाला. मुख्य मालमत्ता बंगळुरूत, पण नरिमन पॉईंटचा एक जुना टॉवर, विक्रोळी आणि हिंजवडी पण त्यात. किमान अर्ज ५० हजारांवर आला तो या पहिल्या इश्यूनंतर. २०२० च्या ऑगस्टमध्ये, ऑफिसं ओस पडलेली असताना, दुसरा आला (ऐरोली आणि पुण्यातलं खराडी-येरवडा वाला), २०२१ मध्ये तिसरा, आणि त्याच वर्षी किमान अर्ज १० ते १५ हजार आणि लॉट फक्त एका युनिटचा झाला. रीट खऱ्या अर्थाने सामान्य माणसाचा झाला तो २०२१ मध्ये, २०१४ मध्ये नाही. २०२३ च्या मे महिन्यात मॉलचा पहिला रीट तर १०० रुपये युनिटने आला.

आता मूळ प्रश्नाकडे, चार तुकडे का. भाडं गोळा करते खालची कंपनी. तो पैसा ट्रस्टकडे वर न्यायचे दोन रस्ते. एक लाभांश. पण लाभांश नफ्यातूनच देता येतो, आणि इमारतीचा घसारा वजा केला की कागदावर नफा फारच थोडा उरतो. घसारा म्हणजे खिशातून गेलेला पैसा नव्हे, रोकड बँकेत तशीच पडून असते, पण नफा नाही म्हणून लाभांशही नाही. मग दुसरा रस्ता. लोकांकडून उभा केलेला पैसा ट्रस्टने कंपनीत सगळाच शेअर म्हणून न टाकता मोठा भाग कर्ज म्हणून द्यायचा. कंपनी त्या कर्जावर ट्रस्टला व्याज देते, आणि अडकलेली रोकड मुद्दलाचा हप्ता म्हणून परत करते. ट्रस्ट दोन्ही पुढे आपल्याला वाटतो. म्हणून पत्रकात लाभांश, व्याज, कर्जाची परतफेड आणि किरकोळ इतर उत्पन्न असे चार रकाने.

गोंधळ सगळा या 'कर्जाची परतफेड' शब्दात आहे. वाचणाऱ्याला वाटतं ट्रस्टने बँकेचं कर्ज फेडलं असेल, माझा काय संबंध. तसं नाहीये. हे कर्ज आपल्याच पैशातून ट्रस्टने स्वतःच्याच कंपनीला दिलेलं असतं, आणि परत येतंय ते मुद्दल. पैसा भाड्यातूनच आलेला आहे हे खरं, पण हिशेबात ते उत्पन्न नाही, आपण टाकलेल्या रकमेचा एक घास परत येतोय.

मुद्दल परत आलं तर त्यावर कर कसला? २०२३ पर्यंत हेच चालू होतं. ट्रस्ट म्हणायचा हे पुढे वाटलं, माझ्याकडे कर नाही. युनिटधारक म्हणायचा हे मुद्दल आहे, माझ्याकडेही नाही. दोन्ही बाजूंना कर शून्य, आणि सरकारने नेमकं यावरच बोट ठेवलं. १ फेब्रुवारी २०२३ च्या बजेटमध्ये प्रस्ताव आला की ही रक्कम युनिटधारकाचं 'इतर उत्पन्न' धरायची आणि त्याच्या स्लॅबप्रमाणे कर लावायचा. युनिटचे भाव पडले, आणि ज्यांनी "६-७ टक्के, त्यातही बराचसा करमुक्त" असं ऐकून घेतलं होतं त्यांची फसगत झाल्यासारखी झाली. माझं मत स्पष्ट आहे, दोन्हीकडे कर शून्य हे टिकणारं नव्हतंच, पण माणसाला त्याचेच पैसे परत देताना ते त्याचं उत्पन्न म्हणणं हेही सरळ नव्हतं.

मार्चमध्ये, विधेयक पास होताना, बदल झाला आणि तोच नियम पुढे लागू झाला. परतफेडीच्या रकमेवर आल्या आल्या कर नाही, पण ती रक्कम तुमच्या खरेदी किमतीतून वजा होत जाणार. आणि त्या युनिटवर आजवर वाटलेली एकूण परतफेड युनिटच्या मूळ इश्यू किमतीच्या वर गेली तर वरची रक्कम उत्पन्न. इथे एक खोच आहे जी फार कमी लोक सांगतात. ही मर्यादा मोजताना तुमच्या आधीच्या मालकाला मिळालेली परतफेडही मोजली जाते, आणि तुलना तुम्ही बाजारात दिलेल्या भावाशी नाही तर पहिल्या इश्यूच्या भावाशी. म्हणजे तुम्ही उशिरा आणि महाग घेतलं असलं तरी मीटर पहिल्या दिवसापासून चालू आहे. ३०० च्या इश्यू किमतीला पोचायला कित्येक वर्षं लागतील, म्हणून आज कोणाला टोचत नाही एवढंच.

हिशेब करून बघू, आकडे समजायला सोपे म्हणून घेतलेत. समजा १०० युनिट ३०० ने घेतले, ३० हजार गेले. वर्षाला युनिटमागे २० रुपये येतात, त्यात ८ लाभांश, ४ व्याज, ८ परतफेड. व्याजाचे ४ रुपये तुमच्या उत्पन्नात, स्लॅबप्रमाणे कर, आणि ट्रस्ट त्यातून १० टक्के टीडीएस आधीच कापतो. लाभांशाचे ८ रुपये करमुक्त की नाही हे खालच्या कंपनीने कमी दराची नवी कर व्यवस्था निवडली आहे का यावर अवलंबून, निवडली असेल तर तुम्हाला कर, नसेल तर नाही. परतफेडीच्या ८ रुपयांवर आत्ता काही नाही. पाच वर्षांनी ३५० ला विकले. बहुतेक लोक म्हणतील ५० रुपये नफा. पण पाच वर्षांची परतफेड ४० रुपये, म्हणून तुमची खरेदी किंमत आता २६० आणि नफा ९० रुपये. १०० युनिटवर ५ हजार नाही, ९ हजार. दीर्घ मुदतीच्या नफ्यात वर्षाला सव्वा लाखापर्यंत सूट असल्याने छोट्या माणसाला इथे कर बसेलच असं नाही, पण रिटर्नमध्ये आकडा ९ हजारच लिहायचा. ब्रोकरच्या स्टेटमेंटवर खरेदी ३०० च दिसत असेल तर ती वजाबाकी तुम्हालाच करावी लागते, म्हणून दर तिमाहीचं पत्रक जपून ठेवा. त्यातली परतफेडीची ओळ एका वहीत उतरवून ठेवली तरी पुरे.

आणि परताव्याचा टक्का बघतानाही तेच. २० भागिले ३०० म्हणजे पावणेसात टक्क्यांच्या आसपास दिसतं, पण त्यातले ८ रुपये मुद्दलाचे. उरलेल्या १२ रुपयांचे ४ टक्के. याचा अर्थ रीट वाईट असा अजिबात नाही, इमारतीची किंमत आणि भाडं वाढत असेल तर ते ८ रुपये भरून निघतात. पण एफडीच्या व्याजदराशी ही तुलना थेट करू नका, एफडीत मुद्दल शेवटी वेगळं आणि पूर्ण परत येतं.

नंतरच्या घडामोडीत जुलै २०२४ मध्ये दीर्घ मुदतीसाठी ३६ महिन्यांऐवजी १२ महिने पुरेसे झाले, हा छोट्या गुंतवणूकदाराला सरळ फायदा. त्याआधी मार्च २०२४ मध्ये छोट्या रीटचे नियम आले, ५० ते ५०० कोटींच्या मालमत्तेसाठी, आणि एक ऑफिस दहा-वीस जणांत वाटून विकणाऱ्या ऑनलाईन कंपन्या पहिल्यांदा नियमाखाली आल्या. ते गरजेचंच होतं, कारण तिथे विकायचं म्हटलं तर गिऱ्हाईक कोण हाच प्रश्न असायचा. पण या छोट्या रीटचं एक युनिट किमान १० लाखांचं ठेवलंय. मोठ्या रीटचं युनिट काही शे रुपयांत मिळतं आणि 'छोट्या' रीटला १० लाख लागतात, म्हणून कोणी नुसतं 'रीट' म्हणून काही विकायला आलं तर यातला कुठला ते आधी विचारा.