एटीपीशी सौदा ताडून पाहताना

ब्रोकरच्या स्क्रीनवर भावाखाली ‘अ‍ॅव्हरेज प्राइस’ नावाचा आकडा दिसतो. डीलर त्याला एटीपी म्हणतात, एक्स्चेंजच्या पानावर तोच व्हीवॅप असतो. दिवसभरात झालेल्या सौद्यांची एकूण रक्कम भागिले एकूण शेअर, एवढाच त्याचा अर्थ. आपली खरेदी त्याच्या खाली झाली की डीलरला शाबासकी आणि वर झाली की विचारणा, ही रीत मोठ्या फंडांच्या डीलिंग रूममधून निघून आता साध्या ट्रेडरपर्यंत पोचली आहे. पण हा आकडा मुळात कशासाठी निघाला, हे माहीत नसेल तर शाबासकी आणि विचारणा दोन्ही चुकीच्या माणसाच्या वाट्याला येतात.

सुरुवात अमेरिकेतली. न्यूयॉर्कच्या बाजारात दलालीचे दर 1 मे 1975 पर्यंत ठरलेले असत. त्या दिवशी ते मोकळे झाले आणि मोठ्या गिऱ्हाइकांची दलाली झपाट्याने उतरली. मग प्रश्न आला तो बिलावर न दिसणाऱ्या खर्चाचा. दलाली वाचली, पण शेअर महाग घेतला असेल तर ते कळणार कसे? तोवर सौद्याचा भाव बंद भावाशी किंवा दिवसाच्या उच्चांक-नीचांकाच्या मध्याशी ताडत. दोन्हींत खोट होती. बंद भाव हा एका क्षणाचा भाव, आणि उच्चांकाला कदाचित शंभरच शेअर फिरलेले असतात. 1988 मध्ये बर्कोविट्झ, लोग आणि नोझर यांनी ‘जर्नल ऑफ फायनान्स’मधल्या निबंधात दिवसाच्या व्हॉल्यूम-भारित सरासरीचा आधार घेतला. कसलीही चलाखी न करता बाजाराच्या ओघात सौदा करणाऱ्याला त्या दिवशी साधारण काय भाव मिळाला असता, याचा तो अंदाज. म्हणजे व्हीवॅप जन्माला आला तो सौदा झाल्यानंतर, निवांत बसून हिशेब तपासण्यासाठी.

त्याच वर्षी आंद्रे पेरोल्ड यांनी दुसरी मोजपट्टी मांडली: खरेदीचा निर्णय झाला त्या क्षणीचा भाव धरायचा आणि तिथून प्रत्यक्ष सरासरी किती दूर सरकली ते मोजायचे. ही जास्त कडक मोजपट्टी, म्हणूनच डीलरांना कमी प्रिय. व्हीवॅप मात्र लगेच रुळला, कारण तो सगळ्यांना सारखाच मिळतो आणि निर्णयाची वेळ कोणती यावर भांडण होत नाही. पुढे मोठी ऑर्डर दिवसभराच्या व्हॉल्यूमच्या प्रमाणात तुकडे करून टाकणारे संगणकी प्रोग्रॅम, म्हणजे अल्गो, आले, आणि तपासणीचा आकडाच उद्दिष्ट होऊन बसला.

आपल्याकडे हे ताडून पाहणे शक्य झाले ते स्क्रीनमुळे. दलाल स्ट्रीटच्या रिंगणात ओरडून सौदे होत, तेव्हा कोणता सौदा नेमका किती वाजता झाला हे गिऱ्हाइकाला तपासता येत नसे. नोव्हेंबर 1994 मध्ये एनएसईवर शेअरचे व्यवहार सुरू झाले, 1995 मध्ये मुंबई शेअर बाजाराची बोल्ट ही स्क्रीनवरची यंत्रणा आली. ऑर्डर नंबर, ट्रेड नंबर आणि वेळ कॉन्ट्रॅक्ट नोटवर छापून येऊ लागली. पुढे एप्रिल 2008 मध्ये सेबीने संस्थांना थेट बाजारात ऑर्डर टाकायची मुभा दिली आणि अल्गोंची वाट मोकळी झाली. एनएसईचा बंद भावही शेवटच्या सौद्याचा नसतो, 3 ते 3:30 या अर्ध्या तासाची भारित सरासरी काढून ठरवलेला असतो, म्हणजे एखाद्याने शेवटच्या सेकंदाला चार शेअर ओढून भाव हलवू नये.

आता एक हिशेब. आकडे सोयीसाठी गोल घेतले आहेत. 10,000 शेअरच्या खरेदीची ऑर्डर 11 वाजता डीलरकडे आली, 1 वाजेपर्यंत पुरी करायची. त्या दोन तासांत बाजारात अर्ध्या-अर्ध्या तासाला असे व्यवहार झाले, शेवटच्या रकान्यात आपण दर वेळी घेतलेल्या 2,500 शेअरचा भाव आहे:

```
वेळ             व्हॉल्यूम   सरासरी भाव   आपले 2,500
11:00–11:30      40,000      502.00        502.10
11:30–12:00      30,000      503.00        503.10
12:00–12:30      20,000      505.00        505.10
12:30–13:00      10,000      506.00        506.10
```

एकूण रक्कम 5,03,30,000 रुपये, शेअर एक लाख, म्हणून या दोन तासांचा व्हीवॅप 503.30. आपली सरासरी 504.10. शेअरमागे 80 पैसे महाग, म्हणजे सुमारे 16 बेसिस पॉइंट, एकूण 8,000 रुपये. इथे बरेच जण थांबतात आणि डीलरला बोलावतात.

खरी माहिती पुढच्या पायरीला मिळते. प्रत्येक फिल, म्हणजे ऑर्डरचा पुरा झालेला तुकडा, त्याच्या स्वतःच्या अर्ध्या तासाच्या व्हीवॅपशी लावून पाहा. चारही वेळा फरक फक्त 10 पैशांचा आहे. म्हणजे भाव उचलण्यात डीलरने फार काही घालवले नाही, समोरची विक्री घेताना एवढे जातेच. उरलेले 70 पैसे गेले ते वाटणीत: बाजाराचे व्हॉल्यूम 40, 30, 20, 10 असे उतरत असताना आपण दर वेळी 2,500 घेत राहिलो. व्हॉल्यूमच्या प्रमाणात 4,000, 3,000, 2,000, 1,000 घेतले असते तर तेच 10 पैसे लागले असते आणि सरासरी 503.40 झाली असती. सगळे फिल थेट 503.30 शी ताडले तर पहिले दोन छान आणि शेवटचे दोन वाईट दिसतात, पण 506.10 चा फिल त्या वेळी बाजारात मिळत होता त्याच भावाचा आहे. दोष त्या फिलचा नाही, वेळापत्रकाचा आहे.

याच कारणाने चालू एटीपीशी तुलना फसवते. स्क्रीनवरचा आकडा फक्त मागचे सौदे जाणतो. चढत्या बाजारात तो सतत मागे राहतो, त्यामुळे उशिराची प्रत्येक खरेदी महाग दिसते आणि विक्री नेहमी हुशारीची वाटते. शिवाय त्यात 9:15 पासूनचे सौदे असतात. सकाळी शेअर 495 च्या आसपास फिरला असेल तर 1 वाजताचा एटीपी 503.30 पेक्षा खाली येईल, आणि 11 वाजता ऑर्डर हाती आलेल्या डीलरवर सकाळच्या स्वस्ताईचा ठपका बसेल. तुलनेची खिडकी ऑर्डर आल्यापासून ती संपण्याच्या ठरलेल्या वेळेपर्यंतच धरायची. शेवटच्या फिलपर्यंत धरली तर डीलर लवकर उरकून किंवा थांबून ती आपल्या सोयीने लांब-आखूड करू शकतो.

अशी खिडकी काढायला प्रत्येक सौद्याचा डेटा लागतोच असे नाही. ब्रोकरच्या फीडमध्ये दिवसाचे साठत गेलेले व्हॉल्यूम आणि त्या क्षणीचा एटीपी मिळत असेल, तर दोन वेळांच्या नोंदींवरून मधला व्हीवॅप निघतो:

```python
def span_vwap(q1, a1, q2, a2):
    return (q2*a2 - q1*a1) / (q2 - q1)
```

ही युक्ती फीडमधला शेवटचा भाव गुणिले वाढलेले व्हॉल्यूम यापेक्षा बरी, कारण फीड प्रत्येक सौदा पाठवत नाही, मधूनमधून काढलेली छबी पाठवतो. पण एटीपी दोन दशांशांपर्यंतच येतो, म्हणजे त्यात अर्ध्या पैशापर्यंत चूक असू शकते, आणि ती सबंध दिवसाच्या व्हॉल्यूमने गुणली जाते. दहा लाख शेअर होऊन गेल्यावर 2,000 शेअरच्या एका मिनिटाचा भाव असा काढला, तर चूक वाईटात वाईट 5 रुपयांपर्यंत जाते. वरच्या उदाहरणात सकाळचे तीन लाख शेअर धरले तरी पहिल्या अर्ध्या तासाला 8 पैशांपर्यंत घोळ होऊ शकतो, आणि आपण शोधतोय 10 पैसे! फरक एवढा बारीक असेल तर सौद्यागणिक डेटाच घ्यावा. चार्टवरचा व्हीवॅप तर बहुधा प्रत्येक कँडलच्या उच्चांक, नीचांक आणि बंद भावाची सरासरी धरून काढलेला असतो. तो एक्स्चेंजच्या आकड्याशी तंतोतंत जुळणार नाही, आणि कँडल जितकी मोठी तितकी तफावत वाढते. दिवसअखेरचा पडताळा एनएसईच्या पूर्ण भावकॉपीतल्या, म्हणजे रोजच्या भावांच्या फाइलीतल्या, `AVG_PRICE` या रकान्याशी करता येतो, फक्त `SERIES` मध्ये `EQ` ची ओळ घ्यायची. ब्लॉक डील, म्हणजे वेगळ्या खिडकीत होणारे मोठे सौदे, `BL` म्हणून वेगळ्या ओळीत असतात आणि त्या भावात तुमच्या डीलरला कोणी शेअर देणार नव्हते.

मोजपट्टी सगळ्यात जास्त वाकते ती आपल्याच वजनाने. वरच्या एक लाखात आपले 10,000 होते. ते वगळले तर उरलेल्या 90,000 चा व्हीवॅप 503.21 येतो आणि 80 पैशांचा फरक 89 पैसे होतो. दिसणारा फरक म्हणजे खरा फरक गुणिले बाकीच्या बाजाराचा वाटा. आपण दहा टक्के असू तेव्हा हे किरकोळ. एखाद्या स्मॉल कॅपमध्ये दिवसाच्या साठ टक्के व्हॉल्यूम आपलेच असेल, तर खऱ्या फरकातला चाळीस टक्केच कागदावर येतो. सगळे आपणच घेतले तर फरक शून्य, भाव कितीही वर ओढलेला असो.

आणि स्वतःचे सौदे वगळूनही एक गोष्ट सुटतेच. ऑर्डर आली तेव्हा 11 वाजता भाव 501.50 होता असे धरा. पेरोल्ड यांच्या पट्टीने 504.10 म्हणजे 2.60 रुपयांचा खर्च. यातला किती भाग आपल्या खरेदीच्या रेट्याने चढला आणि किती बाजार आपोआप चढला, हे एका ऑर्डरवरून सांगता येत नाही. पण आपल्या रेट्याने इतरांचेही भाव चढले असतील, तर तो चढ व्हीवॅपमध्ये मुरून बसलेला असतो आणि डीलर निर्दोष दिसतो. म्हणून ऑर्डर हाती आल्याची वेळ आणि त्या वेळचा भाव ऑर्डर बुकात लिहिलेला हवा. कॉन्ट्रॅक्ट नोटवर तो येत नाही, तिथे फक्त एक्स्चेंजवर ऑर्डर टाकल्याची आणि सौद्याची वेळ असते.

नावाचाही एक गोंधळ अलीकडे वाढला आहे. 2025 पासून संस्थात्मक गिऱ्हाइकांच्या सामायिक कॉन्ट्रॅक्ट नोटवर सगळ्या एक्स्चेंजांवरच्या सौद्यांचा मिळून एकच व्हीवॅप छापला जातो. तो आपल्याच फिलची सरासरी असतो, बाजाराची नव्हे. वरच्या उदाहरणात तिथे 504.10 दिसेल. 503.30 स्वतंत्रच काढावा लागतो, आणि सौदे दोन एक्स्चेंजांवर झाले असतील तर दोन्हीकडची रक्कम आणि दोन्हीकडचे शेअर आधी एकत्र करून मग भागाकार करायचा. दोन एटीपींची नुसती सरासरी घेतली, तर जिथे मोजकेच शेअर फिरले त्या एक्स्चेंजला निम्मे वजन मिळते.