अहवाल-तपासयादी (द्राक्ष पॅकहाऊस)

कर्मचाऱ्याने लिहून दिलेल्या पाळी-अहवालात काय सुटले आहे, काय एकमेकांशी जुळत नाही आणि कोणता शब्द मोघम आहे, हे शोधण्यासाठी सुपरवायझर जी प्रश्नयादी हाताशी ठेवतो ती अहवाल-तपासयादी. नाशिक जिल्ह्यात निफाड, दिंडोरी भागातील निर्यातीच्या पॅकहाऊसमध्ये प्रीकूलिंगच्या, म्हणजे तोडलेला माल झपाट्याने थंड करण्याच्या, अहवालाला ती फार उपयोगी पडते. तोडणीनंतर द्राक्षातली शेतातली उष्णता लवकर काढली नाही, तर देठ सुकून तपकिरी पडतात आणि मणी गळतात. हे नुकसान बहुधा माल परदेशात उतरल्यावरच दिसते.

उदाहरणादाखल असा अहवाल घेऊ: ‘३ नंबर चेंबरमध्ये १२ पॅलेट घेतले. ११ ला आत, ३ ला बाहेर. मध्ये थोडा वेळ लाईट गेली. तापमान योग्य.’

वाचायला हा अहवाल स्वच्छ वाटतो. यादीतला पहिला प्रश्न ‘योग्य’ या शब्दाला अडवतो: किती अंश, आणि कशाचे? भिंतीवरचा डिस्प्ले चेंबरमधल्या हवेचे तापमान दाखवतो. हवा १ अंशावर आली तरी पॅलेटच्या मधल्या पेटीतला मणी ७ अंशांवर असू शकतो. म्हणून मण्यात सुई खुपसून घेतलेले गराचे तापमान, कोणत्या पॅलेटच्या कोणत्या थरातून घेतले त्यासह, अहवालात हवे. ‘थोडा वेळ’ याचेही तसेच. तो वेळ जनरेटरच्या नोंदवहीत सापडतो.

विसंगती मात्र एकटा अहवाल वाचून क्वचितच सापडते. दुसरा कागद शेजारी ठेवावा लागतो. समजा, नोंदवहीप्रमाणे वीज १२.२० ते १.०५ गेली होती आणि जनरेटरवर फक्त दिवे चालतात. मग चार तासांतली ४५ मिनिटे गेली, थंडावा मिळाला सव्वातीन तास. गर ४ अंशांच्या खाली आणायला सहसा सहा ते आठ तास लागतात. म्हणजे वेळ चुकीची लिहिली आहे किंवा माल अर्धवट थंड होऊन बाहेर पडला आहे. माल शीतगृहातच असेल, तर गर पुन्हा मोजून याचा उलगडा लगेच होतो. कंटेनर गेल्यावर होत नाही.

सुटलेल्या जागा सुपरवायझरने स्वतः भरू नयेत, हा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ‘तू ४ अंश घेतले असशील ना?’ असे विचारले की ‘हो साहेब’ हेच उत्तर येते. ‘सुई कुठे घातली होती? आकडा काय आला?’ असे विचारावे. दुरुस्ती लिहिणाऱ्यानेच करावी. जुना आकडा वाचता येईल अशी एकच रेघ मारून बाजूला सही व वेळ घालावी.

सगळे रकाने भरलेले आणि आकडे जुळणारे, पण न मोजता बसल्या जागी लिहिलेले अहवाल या यादीतून सुटतात. दर तासाला १.२, १.२, १.२ असे आकडे दिसले तर शंका घ्यावी, कारण दार उघडले की तापमान थोडे तरी हलते. अशा वेळी थर्मामीटर घेऊन चेंबरमध्ये जावे लागते.