वाक्याच्या तोंडी ‘पण’ : मनाई आली कुठून?

सोलापुरातल्या एका सातवीच्या मुलीची निबंधाची वही परवा पाहण्यात आली. विषय सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा. तिनं लिहिलं होतं : ‘अक्षता सोहळ्यासाठी आम्ही सकाळीच संमती कट्ट्याजवळ पोचलो. पण उभं राहायलाही जागा नव्हती.’ बाईंनी ‘पण’वर लाल गोल काढून समासात शेरा दिला होता, ‘वाक्य अव्ययानं सुरू करू नये.’ मग दोन्ही वाक्यं अर्धविरामानं जोडली होती. बाईंची दुरुस्ती चूक नाही, पण मुलीचं वाक्यही चूक नव्हतं.

ही मनाई मराठीत नीट समजून घ्यायची तर आधी पूर्णविरामाकडे पाहायला हवं. मोडीत लिहिणारे कारकून वाक्य संपल्याची खूण करत नसत. शब्दसुद्धा सुटे लिहायची पद्धत नव्हती. एक मुद्दा संपून दुसरा कुठे लागला, हे ‘मग’, ‘तरी’, ‘आणि’ असल्या शब्दांवरूनच वाचणाऱ्याला कळायचं. विरामचिन्हं मराठीत इंग्रजी छपाईच्या वळणानं आली. मेजर थॉमस कँडी यांचं ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० सालचं. वाक्याची हद्द कागदावर ठिपक्यानं आखली गेली, तेव्हाच ‘पण’ हद्दीच्या अलीकडे की पलीकडे, असा प्रश्न उभा राहू शकला. त्याआधीची मराठी जोडशब्दानं सुरुवात करायला कचरत नव्हती. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय ‘तरी अवधान एकवेळें दीजे’ असा उघडतो. तिथे तर वाक्यच नव्हे, अख्खा अध्याय ‘तरी’नं सुरू झाला आहे.

शाळेतल्या नियमाचा आधार बहुधा व्याख्येत आहे. दोन शब्द किंवा दोन वाक्यं जोडणारा अविकारी शब्द म्हणजे उभयान्वयी अव्यय, हे आपण सगळ्यांनी पाठ केलं. ‘उभय’ म्हणजे दोन, म्हणून अव्यय दोघांच्या मधेच हवं, असा अर्थ लावला गेला. पण ती दोन वाक्यं एकाच पूर्णविरामाच्या आत असली पाहिजेत, असं ही व्याख्या म्हणत नाही. वरच्या उदाहरणात ‘पण’ आधीच्या वाक्याशी संबंध जोडतोच, ठिपका मधे असला तरी.

इंग्रजीच्या तासालाही हेच बजावतात. तिथेही व्याकरणाचा आधार नाही. १६११च्या इंग्रजी बायबलच्या पहिल्या अध्यायात ३१ वचनं आहेत, त्यांतली २९ ‘अँड’नं सुरू होतात. मूळ हिब्रूतली कथनाची लयच तशी आहे. इंग्रजी शब्द कसे वापरावेत हे सांगणाऱ्या फाउलरच्या प्रसिद्ध कोशाची १९६५ची आवृत्ती गोवर्सनी सुधारली. त्यांनी या मनाईला रेंगाळत राहिलेली अंधश्रद्धा ठरवलं आहे.

मग ही लकब निदान अनौपचारिक तरी म्हणावी का? तेही पटत नाही. कायद्याच्या मराठीइतकी औपचारिक मराठी दुसरी नाही. त्या मराठीत कलमाला अपवाद जोडायचा असला की नवा परिच्छेद ‘परंतु’नं सुरू होतो, आणि त्या भागाचं नावच ‘परंतुक’ आहे. शासकीय पत्रातही ‘तथापि’ बिनदिक्कत वाक्याच्या तोंडी बसतो. म्हणजे फरक जागेचा नाही, शब्दाचा आहे. ‘पण’ बोलीजवळचा, ‘परंतु’ भारदस्त. अर्जात ‘पण’ खटकत असेल तर तो तिथून उचलून मधे नेऊन उपयोग नाही, शब्दच बदलावा लागेल.

मराठीत वाक्याच्या आरंभी खरोखर न चालणारे शब्द वेगळेच आहेत. ‘च’, ‘ही’, ‘सुद्धा’ यांना आधी एखादा शब्द लागतोच. ‘पण’ची गंमत अशी की तो दोन्हीकडे नांदतो. ‘पण मी येतो’ यात विरोध आहे, ‘मी पण येतो’ यात ‘मीसुद्धा’. म्हणून ‘पण’ उगाच मागे सरकवला तर कधीकधी अर्थच पालटतो.

त्या वहीत खरी चूक आणखी खाली होती आणि तिथे लाल खूण नव्हती. ‘आम्ही भाकरी आणि शेंगाची चटणी घेतली होती. आणि पाण्याची बाटली.’ इथे दुसरा ‘आणि’ बोटाखाली झाकला तर ‘पाण्याची बाटली’ एवढंच उरतं. क्रियापद नाही, वाक्य नाही. कथेत असा तुकडा मुद्दाम टाकता येतो, निबंधात तो आधीच्या वाक्यात घ्यावा. ‘पण’ झाकून पाहिलं तर मात्र ‘उभं राहायलाही जागा नव्हती’ हे स्वतःच्या पायावर उभं राहतं.

बाईंच्या अर्धविरामानं एक गोष्ट मात्र हरवली. मुलीच्या लिखाणात सकाळीच पोचल्याचं समाधान पूर्णविरामाशी क्षणभर थांबतं आणि मग गर्दी समोर येते. जोडलेल्या वाक्यात वाचणारा थेट गर्दीतच पोचतो.