गिफ्ट कार्डातले पैसे असतात कुठे? कागदी कुपनापासून चेकआउटच्या कोडपर्यंत

ऑनलाइन खरेदीच्या शेवटच्या पानावर ‘गिफ्ट कार्ड आहे का?’ असा एक चौकोन असतो. त्यात सोळा अक्षरं टाकली की बिलातून दोन हजार रुपये वजा होतात. त्या अक्षरांमध्ये पैसे नसतात. ती फक्त कुठल्यातरी खातेवहीतली एक ओळ शोधून देतात. आज हे उघड वाटतं, पण व्यापाऱ्यांना इथवर यायला बराच काळ लागला, आणि प्रत्येक पायरीला आधीची पद्धत कुणीतरी लुबाडली होती.

सुरुवातीला दुकानं कागदी गिफ्ट सर्टिफिकीट विकत. त्यावर रक्कम छापलेली, शिक्का मारलेला, सही केलेली. तो कागद म्हणजेच पैसा होता. काउंटरवरचा माणूस कागद पाहून माल द्यायचा आणि कागद गल्ल्यात टाकायचा. शंभराच्या कागदावर सत्तरची खरेदी झाली तर उरलेले तीस रोख द्यायचे की नवा कागद लिहून द्यायचा, हा वाद रोजचाच. खरा दणका बसला तो रंगीत झेरॉक्स मशीन स्वस्त झाल्यावर. अमेरिकेत व्हिडिओ कॅसेट भाड्याने देणाऱ्या ब्लॉकबस्टर या साखळीच्या सर्टिफिकिटांच्या नकला निघू लागल्या, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्याला तिने कागद सोडून प्लास्टिकची कार्डं दुकानात टांगली. नीमन मार्कस या महागड्या दुकानाने 1994मध्येच असं कार्ड काढलं होतं, पण ते मागितल्याशिवाय दाखवलं जात नसे.

प्लास्टिकमुळे नकला थांबल्या असं नाही. चुंबकीय पट्टीची नक्कल कागदाच्या नकलेइतकीच सोपी. फरक पडला तो वेगळ्याच गोष्टीने. टांगलेलं कार्ड मृत असतं, त्याची किंमत शून्य असते. गिऱ्हाईक पैसे मोजतं, रोखपाल कार्ड मशीनमधून ओढतो, मशीन मध्यवर्ती संगणकाला कळवतं की अमुक क्रमांकावर अमुक रक्कम चढव, आणि तिकडून ‘झालं’ असं उत्तर आल्यावरच कार्ड जिवंत होतं. याला ॲक्टिव्हेशन म्हणतात. त्यामुळे शेकडो कार्डं उघड्यावर टांगून ठेवणं परवडू लागलं, कारण चोरणाऱ्याच्या हाती नुसतं प्लास्टिक लागायचं. किराणा दुकानात दहा वेगळ्या ब्रँडची कार्डं एकाच स्टँडवर दिसतात ती यामुळेच. सेफवे या सुपरमार्केट साखळीने 2001मध्ये ब्लॅकहॉक नावाचा स्वतंत्र धंदाच त्यावर उभा केला.

चोरांनी यावरही वाट काढली. दुकानात टांगलेल्या कार्डांचे क्रमांक गुपचूप टिपून घ्यायचे, कार्ड परत जागेवर ठेवायचं आणि कुणी ते विकत घेऊन जिवंत केलं की आधी आपण खर्च करायचं. म्हणून क्रमांकाच्या जोडीला खरडून काढायच्या पट्टीखाली लपवलेला पिन आला. आपल्याकडे मोबाइल रिचार्जच्या स्क्रॅच कार्डांनी हा प्रकार घराघरांत नेला. नाण्याने राखाडी थर खरडायचा आणि आकडे फोनवर दाबायचे. पट्टी आधीच खरडलेली दिसली तर ते कार्ड घ्यायचं नाही, हे टपरीवर सगळ्यांना ठाऊक होतं. अमेरिकेत मात्र पट्टी खरडून वर नवी चिकटवण्याचे उद्योग आजही चालतात. मेरीलँड राज्याने त्यासाठी 2024मध्ये कायदा केला. जून 2025पासून तिथे बहुतेक गिफ्ट कार्डं छेडछाड लगेच दिसेल अशा बंद वेष्टनात विकावी लागतात.

भारतात कागदाचा शेवट रिझर्व्ह बँकेच्या हातून झाला. 2007च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्यानंतर एप्रिल 2009मध्ये बँकेने गिफ्ट कार्डासारख्या आगाऊ पैसे भरलेल्या साधनांसाठी पहिले नियम काढले. ऑक्टोबर 2017च्या नियमांत कागदी व्हाउचर बंद करण्याचा आदेश होता, आणि जेवणाच्या कागदी कुपनांना त्या वर्षाच्या 31 डिसेंबरपर्यंतच मुदत मिळाली. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत महिन्याला मिळणारी आणि वाण्याकडेही खपणारी ती कुपनांची पुस्तिका तेव्हा गेली. बँकेच्या परवानगीने निघणाऱ्या गिफ्ट कार्डाला आता 10,000 रुपयांची मर्यादा आहे, त्यात पुन्हा पैसे भरता येत नाहीत आणि रोख काढता येत नाही. मुदत किमान एक वर्षाची असावी लागते. एखादं दुकान फक्त स्वतःच्याच मालासाठी कार्ड काढत असेल तर ते या परवान्याच्या कक्षेत येत नाही. म्हणूनच अशा कार्डामागच्या बारीक अक्षरांतल्या अटी नीट वाचाव्यात.

प्लास्टिक गेलं आणि ईमेल किंवा एसएमएसवर नुसता कोड येऊ लागला, तेव्हा प्रश्न उरला तो कोड बनवायचा कसा. जुन्या कार्डांचे क्रमांक बँकेच्या कार्डासारखे 16 आकड्यांचे. पहिले सहा आकडे कार्ड काढणाऱ्या संस्थेचे आणि शेवटचा पडताळणीचा. तो काढण्याची रीत आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी 1954मध्ये पेटंटसाठी मांडली होती. समजा आकडे 6037521 आहेत. उजवीकडून सुरू करून एक सोडून एक आकडा दुप्पट करायचा आणि दुप्पट दोन अंकी आली तर तिचे अंक मिळवायचे. मग 1चे 2, 2 तसाच, 5चे 10 म्हणजे 1, 7 तसाच, 3चे 6, 0 तसाच, 6चे 12 म्हणजे 3. बेरीज 21. पुढच्या दहाच्या पटीपर्यंत 9 कमी, म्हणून पूर्ण क्रमांक 60375219. टाइप करताना 5 आणि 2 यांची अदलाबदल झाली तर बेरीज 27 येते, शेवटचा आकडा 3 हवा होता, आणि चूक सर्व्हरला न विचारताच पकडली जाते. (0 आणि 9 शेजारी असताना त्यांची अदलाबदल मात्र या रीतीला कळत नाही.)

ही युक्ती विसराळू बोटांसाठी आहे. चोराविरुद्ध तिचा काहीच उपयोग नाही, कारण रीत जगजाहीर आहे. 16पैकी सहा आणि एक वजा केले की खरे मोकळे आकडे नऊ उरतात, म्हणजे 100 कोटी क्रमांक. त्यातली 10 लाख कार्डं जिवंत असतील तर सरासरी दर हजार अंदाजांत एक बरोबर येतो. क्रमांक ओळीने छापले असतील तर तेवढेही कष्ट नाहीत. 2017मध्ये गिफ्टघोस्टबॉट नावाच्या प्रोग्रामने हेच केलं. जवळपास हजार संकेतस्थळांवरच्या ‘शिल्लक तपासा’ या पानावर तो एकामागून एक क्रमांक टाकत राहिला आणि पैसे असलेले वेगळे काढत गेला. शिल्लक तपासायला आता पिन आणि कॅप्चा लागतो, आणि चार-पाच चुकांनंतर पान बंद होतं, ते अशा प्रकारांमुळेच.

आजचा बरा कोड `K7QM-4XTR-9HWP-2DNC` असा दिसतो. अक्षरं आणि आकडे मिळून 32 चिन्हं वापरतात. I आणि 1, O आणि 0 यांचा घोटाळा होतो म्हणून ती गाळतात. 32 चिन्हांच्या 16 जागा म्हणजे 1 वर 24 शून्यं मांडल्यावर होईल त्याहून थोड्या जास्त शक्यता. एक कोटी कोड जिवंत असले तरी अंदाजाने एक सापडणं जवळजवळ अशक्य. अट एकच: अक्षरं खरोखर यादृच्छिक हवीत. तारीख किंवा अनुक्रमांकावरून काढलेली चालत नाहीत. सांभाळणारे लोक मूळ कोड डेटाबेसमध्ये ठेवतही नाहीत. गुप्त किल्ली वापरून काढलेला त्याचा ‘हॅश’ नावाचा ठसा ठेवतात. त्यावरून मूळ कोड काढता येत नाही, म्हणजे डेटाबेस फुटला तरी कोड हाती लागत नाहीत.

कोड वापरताना खरं अवघड काम एका क्षणाचं असतं: शिल्लक पाहणं आणि ती कापणं. आधी पाहिली आणि मग कापली तर दोन्हींच्या मध्ये दुसरी मागणी घुसू शकते. 2015मध्ये सुरक्षा संशोधक येगोर होमाकोव्ह यांनी स्टारबक्सच्या कार्डांवर हे दाखवून दिलं. एका कार्डातून दुसऱ्यात पाच डॉलर हलवण्याची मागणी त्यांनी एकाच क्षणी दोनदा पाठवली. दोन्ही वेळा सर्व्हरला शिल्लक पुरेशी दिसली आणि पाचाचे दहा झाले. उपाय असा की तपासणं आणि कापणं एकाच आज्ञेत करायचं:

```sql
UPDATE voucher SET balance = balance - 2000
WHERE code_hash = ? AND status = 'ACTIVE'
  AND balance >= 2000;
```

किती ओळी बदलल्या तेवढं पाहायचं. एक बदलली तर पैसे कापले गेले, शून्य असेल तर नाही. दोन मागण्या एकदम आल्या तरी दुसरीला शून्यच मिळतं.

बिल 2,650चं आणि व्हाउचर 2,000चं असेल तर गुंता वाढतो. उरलेले 650 यूपीआयने भरायचे आणि ते अडकू शकतात. म्हणून शहाणी दुकानं आधी 2,000 फक्त राखून ठेवतात, 650 आले की कापतात, ठरलेल्या वेळात आले नाहीत तर सोडून देतात. समजा ही वेळ 15 मिनिटांची आहे आणि बँकेचा ‘यशस्वी’ निरोप सतराव्या मिनिटाला आला. तोवर व्हाउचर मोकळं झालेलं असतं, कदाचित दुसरीकडे खर्चही. अशा वेळी पुन्हा राखून पाहायचं, आणि ते जमलं नाही तर 650 परत पाठवायचे, हे आधीच लिहून ठेवावं लागतं. ते राहून गेलं की ग्राहकाच्या खात्यातून पैसे जातात आणि ऑर्डर मात्र दिसत नाही.

दुसरा नेहमीचा बिघाड म्हणजे हरवलेलं उत्तर. दुकानाने व्हाउचर काढणाऱ्या संस्थेकडे मागणी पाठवली, तिकडे पैसे कापले गेले, पण उत्तर वाटेत तुटलं. दुकान पुन्हा मागणी करतं तेव्हा त्याच व्यवहार क्रमांकाने केली तर संस्था ओळखते आणि जुनंच उत्तर देते. नवा क्रमांक लावला तर ‘कोड आधीच वापरलेला आहे’ असं येतं आणि ग्राहक चोरी झाली असं समजतो. दोन्हींत फरक ओळखायचा तर वापराची वेळ विचारावी. ती तुमच्या प्रयत्नाच्या काही सेकंद आधीची असेल आणि दुकान तेच असेल तर उत्तर हरवलं आहे, पैसे परत मिळतात. आदल्या दिवशीची असेल, किंवा दुकानच वेगळं असेल, तर कोड दुसऱ्याच्या हाती गेला आहे.

परतावा मागताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सवलतीचं कूपन किंमत कमी करतं, म्हणून जीएसटी कमी झालेल्या किमतीवर लागतो. गिफ्ट व्हाउचर हा पैसे देण्याचा मार्ग आहे, त्यामुळे कर पूर्ण किमतीवर लागतो आणि बिलात व्हाउचर खाली ‘भरणा’ म्हणून दिसतं. वरच्या उदाहरणातला माल परत केला तर सहसा 650 यूपीआयवर येतात आणि 2,000 व्हाउचरवर परत चढतात किंवा नव्या कोडच्या रूपात मिळतात. अर्धाच माल परत केला तर आधी कोणता भाग परत करायचा हे प्रत्येक दुकान आपलं आपण ठरवतं. व्हाउचरची मुदत संपत आली असेल तर वस्तू परत करण्याआधी हे विचारून घ्यावं, कारण परत चढलेल्या रकमेला अनेक ठिकाणी जुनीच मुदत लागू राहते.