९ टक्क्यांचा रोखा वर्षभरात किती देतो?

एक रोखा समोर ठेवू. दर्शनी किंमत १००, मुदत १० वर्षे आणि कूपन, म्हणजे दर्शनी किमतीवरचे ठरलेले व्याज, वर्षाला ९ टक्के. ते दर सहामाहीला ४.५० असे मिळते. समजा बाजारात अशा मुदतीच्या रोख्यांवर ७ टक्के यील्ड आहे, म्हणजे आजच्या भावाला घेऊन मुदत संपेपर्यंत ठेवले तर वर्षाला तेवढा परतावा पडतो. बाकीचे ७ देत असताना हा ९ देतो, त्यामुळे १०० ला तो कोणी विकणार नाही. हिशोब केला तर त्याचा भाव ११४.२१ निघतो. तेवढे मोजून आपण तो घेतला आणि बरोबर एका वर्षाने विकून टाकला. हातात किती टक्के आले?

कोणी म्हणेल ९, कारण कूपनच तेवढे आहे. जरा जास्त सावध माणूस ९ ला ११४.२१ ने भागून ७.८८ सांगेल. ज्याला यील्ड ठाऊक आहे तो ७ म्हणेल. तिघांचेही उत्तर चुकते, कारण विकायच्या दिवशी भाव काय असेल ते कोणीच विचारात घेतलेले नाही.

वर्षभराचा एकूण परतावा काढायला तीन गोष्टी लागतात: वर्षात मिळालेली कूपने, ती पुन्हा गुंतवून त्यांवर मिळालेले व्याज आणि विक्रीचा भाव. तिन्हींची बेरीज करायची, तिला खरेदीच्या रकमेने भागायचे आणि १ वजा करायचा. गणित एवढेच. गोम आहे ती विक्रीच्या भावात.

आधी सगळ्यात शांत वर्ष घेऊ. वर्षभर काहीच घडले नाही, यील्ड ७ वरच राहिले. तरीही भाव ११४.२१ राहत नाही, तो ११३.१९ वर येतो. बाजार पडला म्हणून नाही, नुसता काळ सरला म्हणून. आपण १४.२१ जास्त मोजले होते ते दहा वर्षांच्या चढ्या कूपनांसाठी. त्यातल्या एका वर्षाची कूपने आता घेऊन झाली, नऊ वर्षांची उरली, म्हणून जादा किंमतही तेवढी कमी झाली. मुदत संपेल त्या दिवशी रोखा १०० लाच येणार आहे आणि तिकडे तो दरवर्षी थोडा थोडा सरकतो. खाते उघडल्यावर १.०२ चा तोटा दिसतो आणि माणूस दचकतो. पण ९ टक्क्यांतला तो भाग मुळात आपलेच भांडवल परत येत होते.

आता कूपने. पहिले ४.५० सहा महिन्यांनी आले, ते उरलेल्या सहा महिन्यांसाठी साडेतीन टक्क्यांनी गुंतवले, त्यावर ०.१६ मिळाले. दुसरे कूपन शेवटच्या दिवशी आले, त्याला गुंतवायला वेळच नाही. म्हणजे कूपने आणि त्यांवरचे व्याज मिळून ९.१६. त्यात ११३.१९ मिळवले की १२२.३५ होतात आणि ११४.२१ वर परतावा ७.१२ टक्के. वरचे ०.१२ कुठून आले? सात टक्क्यांचे यील्ड सहामाही हिशोबाचे आहे. साडेतीन टक्के दोनदा चक्रवाढीने लावले की ७.१२ होतात.

ते ०.१६ मात्र फारच किरकोळ वाटते, आणि एका वर्षापुरते ते तसे आहेच. पहिले कूपन साडेतीनऐवजी चार टक्क्यांनी गुंतवले असते तरी फक्त ०.०२ वाढले असते. पण हाच रोखा पूर्ण १० वर्षे ठेवला आणि प्रत्येक कूपन त्याच दराने गुंतवत गेलो, तर कूपनांची बेरीज ९० आणि त्यांवरचे व्याज तब्बल ३७.२६ होते. लांबच्या पल्ल्यात पुनर्गुंतवणुकीचा दर महत्त्वाचा. एका वर्षात सगळा खेळ भावाचा.

तो खेळ पाहायचा तर यील्ड हलवायला हवे. समजा वर्षअखेरीस ते ८ टक्के झाले. आता उरलेल्या नऊ वर्षांच्या रोख्याचा भाव १०६.३३ निघतो. खरेदीपासूनची घसरण ७.८८ ची, पण तिचे दोन तुकडे करायला हवेत: १.०२ काळाचे, ते तसेही जाणारच होते, आणि ६.८६ यील्ड वाढल्याचे. कूपने आणि त्यांवरचे व्याज धरून परतावा उरतो १.१२ टक्के. उलट यील्ड ६ वर आले असते, तर भाव १२०.६३ आणि परतावा १३.६४ टक्के. त्याच रोख्यावर, त्याच खरेदीभावाला, यील्ड एका टक्क्याने इकडे किंवा तिकडे गेले एवढ्यावरून सव्वा टक्काही नाही किंवा साडेतेराहून जास्त.

मला या आकड्यांतून सगळ्यात उपयोगी वाटतो तो एक प्रश्न: यील्ड किती वाढले की वर्षभराची सगळी कमाई धुऊन निघेल? आपल्या रोख्यासाठी उत्तर साधारण १.२ टक्के, म्हणजे ७ चे ८.२ झाले की परतावा शून्य. सुरुवातीचे यील्ड ही जणू उशी असते आणि ती जितकी पातळ तितका मार जास्त बसतो. अमेरिकेत २०२२ साली हेच झाले. तिथल्या दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचे यील्ड वर्षारंभी दीड टक्क्याच्या आसपास होते आणि वर्षअखेरीस ३.९ च्या जवळ पोहोचले. दीड टक्क्याचे उत्पन्न एवढी घसरण कुठून भरून काढणार? तिथल्या रोख्यांच्या सर्वांत प्रचलित निर्देशांकाने त्या वर्षी कूपने धरूनही सुमारे १३ टक्के गमावले.

यील्ड न हलताही भाव बदलण्याचे आणखी एक कारण आहे. वर्षभराने आपला रोखा दहा वर्षांचा राहत नाही, नऊ वर्षांचा होतो, आणि नऊ वर्षांच्या रोख्यांचे यील्ड बहुधा थोडे कमी असते. ते ६.९० असेल आणि बाजार जसाच्या तसा राहिला, तर भाव ११३.१९ ऐवजी ११३.९१ मिळतो आणि परतावा ७.७५ होतो. काही न करता अर्ध्या टक्क्याहून जास्त. अर्थात बाजार वर्षभर जसाच्या तसा राहील, हे गृहीतच सगळ्यात कच्चे आहे.

प्रत्यक्ष हिशोबात घोळ होतो तो साचलेल्या व्याजाचा. पडद्यावर दिसणाऱ्या भावात ते नसते. कूपन होऊन तीन महिन्यांनी खरेदी केली, तर विकणाऱ्याला त्या तीन महिन्यांचे २.२५ वेगळे द्यावे लागतात. वर्षाने विकताना आपल्यालाही तसेच २.२५ मिळतात. खात्यात जमा झालेले लक्षात राहतात, सुरुवातीला दिलेले मात्र विसरले जातात, आणि परतावा जवळपास दोन टक्क्यांनी फुगतो. तपासणी सोपी आहे: आपल्या तक्त्यात विक्रीचे आणि पुनर्गुंतवणुकीचे यील्ड खरेदीइतकेच, ७, टाकून पाहायचे. उत्तर ७.१२ आले नाही, तर बाजाराचा दोष नाही. तक्त्यात कुठेतरी एखादी रक्कम सुटली आहे किंवा दोनदा धरली गेली आहे.