विहीणबाईंनी चमचे लपवले: लग्नातल्या शिव्या सोयऱ्यांना का चालतात?

लग्नाच्या मांडवात रुखवत मांडलं जातं, तेव्हा दोन्हीकडच्या बायका आमनेसामने येतात. लाडू, चकल्या, शेवया, विणलेली तोरणं, रंगवलेले नारळ असा सगळा ऐवज टेबलावर असतो, आणि तिथेच गाणी सुरू होतात. या गाण्यांचा साचा ठरलेला आहे. पहिल्या ओळीत रुखवतातला एखादा जिन्नस यायचा आणि दुसऱ्या ओळीत समोरच्या विहिणीवर नेम धरायचा. त्या साच्यात मी जुळवलेला एक नमुना देतो:

रुखवतात मांडली शेवयांची परात,
विहीणबाईंनी चमचे लपवले पदरात.

आता समोरून उत्तर आलंच पाहिजे:

चमचे कशाला लागतील बाई, खीर तुमची पातळ,
वाटीत शोधून शेवई मिळेना, नुसतंच पाणी खळखळ.

एका बाईला चारचौघांत चोर म्हटलं गेलं आणि दुसऱ्या घराला कंजूष. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला कुणी असं बोललं, तर पुढच्या थांब्यापर्यंत भांडण पेटेल. मांडवात मात्र जिला चोर म्हटलं तीच पदर तोंडाला लावून हसत असते आणि शेजारणीला कोपरानं ढोसून म्हणते, ‘अगं, दे की उत्तर!’ रुखवतापुढे कुणी गायलंच नाही, तर उलट लग्नात रंग भरला नाही अशी तक्रार ऐकू येते.

जवळची माणसं बोललेलं मनावर घेत नाहीत, असं उत्तर चटकन सुचतं. पण ते इथे लागू पडत नाही. या दोन विहिणी जवळच्या आहेत कुठे? कित्येकदा साखरपुड्याआधी त्यांनी एकमेकींना पाहिलेलंही नसतं. उलट जी खरंच जवळची, म्हणजे सख्खी मोठी बहीण किंवा वडीलधारी आत्या, तिच्यावर असं गाणं कुणी रचत नाही. चेष्टेची माणसं ठरलेली असतात आणि ती बहुतेक लग्नानं जोडलेली असतात. व्याही-विहीण, मेहुणा-मेहुणी, धाकटा दीर आणि वहिनी. नवऱ्या मुलाचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा, वडिलांचा नाही.

ए. आर. रॅडक्लिफ-ब्राउन या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाने 1940 साली नेमक्या याच गोष्टीवर एक निबंध लिहिला. आफ्रिकेतल्या आणि इतरत्रच्या अनेक समाजांच्या नोंदींत एक विचित्र नातं पुन्हा पुन्हा सापडत होतं. त्यात एकाने दुसऱ्याची टर उडवायला रिवाजाची परवानगी असते, काही ठिकाणी तर ते त्याचं कर्तव्यच असतं, आणि दुसऱ्याने राग मानायचा नाही हेही रिवाजानंच ठरलेलं असतं. याला तो चेष्टेचं नातं म्हणतो.

त्याचं स्पष्टीकरण मला आजही सर्वांत पटतं. लग्नानं दोन घरं बांधली जातात, पण ती एक होत नाहीत. मुलीचं सुख, देणंघेणं, मान, सणावाराची बोलावणी यांत दोघांचे हितसंबंध वेगळे राहतात. म्हणजे नातं तोडता येत नाही आणि खटके उडण्याची शक्यताही संपत नाही. यातून दोन वाटा निघतात. एक वाट अदबीची आणि अंतराची आहे. सासऱ्यासमोर पदर घ्यायचा, थोरल्या दिरासमोर बसायचं नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही. दुसरी वाट चेष्टेची. धाकट्या दिराच्या अंगावर रंग टाकायचा, मेहुणीनं जोडे लपवून पैसे उकळायचे, विहिणीला चोर म्हणायचं. एका घरात, एकाच सुनेला, दोन दिरांशी असं उलट वागावं लागतं. दोन्ही वाटांचं काम मात्र एकच आहे. खरं भांडण ज्या जागी होऊ शकतं, त्या जागी वागण्याचा एक पक्का नियम आधीच घालून ठेवायचा.

म्हणूनच परक्याला शिवी चालत नाही आणि सख्ख्या वडीलधाऱ्यालाही चालत नाही. परक्याशी काही नातंच ठरलेलं नसतं, त्यामुळे शिवीचा अर्थ शिवीच. सख्ख्या नात्याला अशा आधाराची गरज पडत नाही. गरज पडते ती काल परका होता आणि आज तोडता न येणारा झाला, त्याच्याशी वागताना.

उत्तर भारतात ही रीत जास्त धारदार दिसते. इरावती कर्वे यांनी 1953 साली प्रसिद्ध झालेल्या नातेसंबंधांवरच्या आपल्या ग्रंथात दाखवलं, की उत्तरेत मुलगी शक्यतो परक्या गावात, रक्ताचं नातं नसलेल्या घरात देतात. दक्षिणेत मामाच्या किंवा आत्याच्या घरी देण्याची चाल आहे, आणि महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात येतो. आपल्याकडे अनेक जातींत मामाची मुलगी चालते. उत्तरेत नवरीकडचे लोक मानानं खालचे धरले जातात आणि वर्षभर ते हात जोडून असतात. त्यांच्याच बायका वऱ्हाड जेवायला बसलं की ‘गारी’, म्हणजे शिव्यांची गाणी, गातात. अवध, भोजपूर, मिथिला इथे ही रीत जुनी आहे. तुलसीदासांच्या रामचरितमानसात, सोळाव्या शतकात, जनकाच्या घरी वऱ्हाड जेवत असताना बायका पुरुषांची आणि स्त्रियांची नावं घेऊन गोड आवाजात गारी गातात, आणि दशरथ राजा आपल्या मंडळींसह ती ऐकून हसतो. प्रत्यक्ष रामाच्या लग्नातही ती टळली नाही.

‘नावं घेऊन’ हा त्यातला मोलाचा तपशील आहे. गारी गाणाऱ्या बायका आधी चौकशी करून ठेवतात. मुलाच्या वडिलांचं नाव काय, काका कोण, आत्याचे यजमान कोण. गाणं तयारच असतं, त्यात एक रिकामी जागा असते आणि त्या जागी नाव बसवायचं. अमक्याची बायको पळून गेली, तमक्याची बहीण बाजारात फिरते, असे आरोप. हेच गाणं मागच्या महिन्यात दुसऱ्या लग्नात दुसऱ्या व्याह्याला बसवलेलं असतं, आणि हे प्रत्येक ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. त्यामुळे आरोपात त्या माणसाविषयी काहीच माहिती नसते. उरतं ते एवढंच, की तुझं नाव आम्ही विचारून घेतलं आणि आमच्या गाण्यात बसवलं. नाव आलं नाही, तर पाहुणे रुसतात ते यामुळेच.

आता मानसशास्त्राकडून एक धागा घेऊ. जस्टिन क्रूगर आणि सहकाऱ्यांनी 2006 साली चेष्टेवरचे काही प्रयोग प्रसिद्ध केले. चेष्टा करणाऱ्याला आपला हेतू चांगला आहे हे आतून माहीत असतं, आणि समोरच्यालाही ते दिसत असेल असं तो धरून चालतो. समोरच्याला मात्र फक्त शब्द ऐकू येतात. त्यामुळे एकच चेष्टा करणाऱ्याला गमतीची वाटते आणि ऐकणाऱ्याला बोचते. ‘अरे, गंमत केली’ या वाक्यानं ते भरून निघत नाही. ऑफिसातली थट्टा नेमकी इथेच फसते.

लग्नातल्या गाण्यात हेतू ओळखायची जबाबदारी ऐकणारीवर टाकलेलीच नसते. ठरलेली चाल, यमक, सगळ्यांनी मिळून गाणं, अचाट अतिशयोक्ती, ठरलेली वेळ आणि उत्तर द्यायचा हक्क, हे सगळं मिळून आधीच सांगतं की हा खेळ आहे. गाणारी बाई मनातून खरंच चिडलेली असली तरी बिघडत नाही, कारण अर्थ तिच्या मनावर अवलंबून ठेवलेलाच नाही. थोडा खरा राग असा यमकात बसून बाहेर पडतो, आणि तो कुणाचा होता हे कुणाला शोधावं लागत नाही.

मग फसतं कधी? वरच्या गाण्यात चमच्यांच्या जागी दागिने घाला. ‘पाच तोळे ठरले होते, तीनच आणले घरात.’ यमक तेच, चाल तीच. पण देण्याघेण्यावरून खरंच कुरबूर झालेली असेल, तर मांडव गप्प होईल. चमच्यांची चोरी उघडच खोटी होती, सोन्याचं वाक्य खरं असू शकतं. मुलीचा रंग, मूल नसणं, वैधव्य, आधीचं मोडलेलं लग्न, जात हे विषय म्हणूनच जाणत्या बायका टाळतात. बिनसलं की काय हे ओळखायची खूणही सोपी आहे. खेळ नीट चालला असेल तर हशा ओळ संपताक्षणी येतो. बिनसला असेल तर लोक आधी जिच्यावर गाणं झालं तिच्या तोंडाकडे पाहतात आणि मग हसायचं की नाही ते ठरवतात. अनुभवी म्हातारी अशा वेळी झटकन दुसरं गाणं उचलते.

आणखी एक बाजू सांगितलीच पाहिजे. गारीचा नेम पुरुषावर असला तरी मार त्याच्या आई-बहिणीच्या चारित्र्यावर पडतो. वर्षभर दबलेल्या बायकांनी ही जागा स्वतःच्या आवाजानं भरली हे खरं, आणि तिथेही शिव्या बायकांनाच दिल्या हेही खरं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तरेतल्या समाजसुधारकांनी या गाण्यांवर जोराची मोहीम चालवली. त्यांना अश्लीलता दिसली. बायकांना बोलायची ही एक जागा होती, तिकडे त्यांचं लक्ष गेलं नाही.

नियम आधीच ठरलेला असला की रक्त किंवा लग्नाचीही गरज उरत नाही, हे पश्चिम आफ्रिकेत दिसतं. माली देशात काही आडनावं एकमेकांची ‘चेष्टेची भावंडं’ मानली जातात. दोन पूर्ण अनोळखी माणसं भेटली, आडनावं कळली, की लगेच ‘तू तर शेंगदाण्या-पावट्यावर जगणारा’ या थाटाची शिवीगाळ सुरू होते आणि दोघे खदखदून हसतात. थॅड डनिंग आणि लॉरेन हॅरिसन यांनी 2010 साली तिथला एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एका उमेदवाराचं भाषण व्हिडिओवर दाखवलं. भाषण तेच ठेवून फक्त त्याचं आडनाव बदललं. उमेदवार दुसऱ्या जमातीचा असला तरी आडनाव चेष्टेच्या भावंडाचं असेल, तर प्रेक्षकांना तो जास्त बरा वाटला. जमातीजमातींतला दुरावा त्या एका आडनावानं बराच पुसला.

आपल्याकडे या गाण्यांना सध्या भिडणारी अडचण मात्र वेगळी आहे. रुखवतापुढे आता प्रत्येकीच्या हातात मोबाइल असतो. गाणं चित्रित होऊन संध्याकाळपर्यंत ज्यांचा या दोन घरांशी काही संबंध नाही अशांच्या ग्रुपवर पोचतं. तिथे उत्तर द्यायला समोरची विहीण नसते, चमचे खोटे आहेत हे माहीत असणारे मांडवातले लोक नसतात, आणि खाली ज्या प्रतिक्रिया येतात त्या परक्यांच्या असतात. ज्या घरांत अजून गायलं जातं, तिथे रुखवतापुरते मोबाइल बाजूला ठेवा असं करवलीनं आधीच सांगून ठेवलं, तर दोन्हीकडच्या बायकांना मोकळेपणानं गाता येईल.